काशीत सात दिवस: यादी पूर्ण करायची की घाटावर बसायचं?

मेघा, सुदामानगर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं इंदूरहून काशीला जातोय: मी, हे, माझी आई (वय 71, दोन्ही गुडघे दुखतात) आणि मोठा भाऊ. शनिवारी दुपारी पोचणार, पुढच्या शनिवारी संध्याकाळी परतीची गाडी. मुक्काम सगळा काशीतच. दादाने 27 ठिकाणांची यादी केलीय, रोज चार. आई म्हणते, मला विश्वनाथ, अन्नपूर्णा आणि कालभैरव घडवा, बाकीचे दिवस घाटावर बसवा. दोघंही आपल्या जागी बरोबर वाटतात. पाहायचं किती आणि मोकळं किती ठेवायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

रामबागवाले काका

मेघाताई, तुमच्या दादाची बाजू घेतो. आपल्याकडे म्हण आहे, 'काशीस जावे नित्य वदावे'. का आहे? कारण माणसं आयुष्यभर वदतच राहतात, जाणं एकदाच घडतं. तुमच्या आईंचं वय 71. पुन्हा कधी जाल? मग सारनाथ राहिलं, रामनगर राहिलं, मानमंदिर राहिलं ही रुखरुख जन्मभर पुरते. मी 2009 साली सौ.ला घेऊन सहा दिवस गेलो होतो. वहीत ठिकाणं लिहून रोज सकाळी सहाला बाहेर पडायचो. एकही ठिकाण सोडलं नाही. आजही डोळे मिटले की सगळं दिसतं. बसायला आपलं घर आहे, अंगण आहे. इतका खर्च करून पायऱ्यांवर बसून राहायचं हे मला पटत नाही.

यादी हातात नसली तर काय होतं तेही पाहिलंय. सकाळी चहा, मग दुसरा चहा, मग कुठं जायचं यावर तासभर चर्चा, आणि अकरा वाजता मंदिराच्या रांगेत उन्हात उभे. मोकळा वेळ म्हणून जो वाचवता तो असा जातो.

ज्योती, लोकमान्यनगर

काका, मान ठेवून सांगते, मला अगदी उलट वाटतं. आपल्याकडे पाहुणे येतात तेव्हा त्यांना राजवाडा, लालबाग, काचमंदिर, बडा गणपती सगळं दाखवतो. सहा महिन्यांनी फोनवर बोलताना ते कशाची आठवण काढतात? रात्री अकरा वाजता सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा किस खाल्ला, त्याची. कारण तिथं कुणी 'चला, उशीर होतोय' म्हणत नव्हतं.

मी दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन काशीला गेले होते. यादीनुसार तीन दिवस पळालो. चौथ्या दिवशी त्यांचे पाय सुजले म्हणून नाइलाजाने केदार घाटावर दुपारी बसलो. शेजारी एक तमिळ आजी बसल्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोन तास गप्पा चालल्या. सासूबाई आजही त्या आजींबद्दल बोलतात. आधीच्या तीन दिवसांतली ठिकाणं त्यांना आता नावानेही आठवत नाहीत.

रामबागवाले काका

ज्योतीताई, पण सराफा हेसुद्धा पाहण्याचं ठिकाणच झालं की! पाहुण्यांना तुम्ही तिथं ठरवून नेलंत. सराफ्याला जाऊ नका, घरीच गच्चीवर बसा, असं म्हणालात का? मग काशीत केदार घाट यादीत घाला आणि पुढे 'दोन तास' असं लिहा. यादीचा दोष काय?

पोहे-जिलेबी

इतका विचार कशाला? सकाळी अस्सी घाटावरून बोट घ्या, दोन तासांत 84 च्या 84 घाट पाहून होतात. आईंना चालायला नको, चढायला नको. पहिल्याच दिवशी यादी अर्धी उरकली की बाकीचा आठवडा मोकळा. आम्ही तसंच केलं, एकदम मस्त झालं.

अस्सीवरचा इंदुरी

मी बी.एच.यू.त पाच वर्षं शिकलो, नंतरही दर एक-दोन वर्षांनी जातो. मागच्या डिसेंबरात माझ्या आईला घेऊन आठवडाभर होतो. तिचेही गुडघे असेच आहेत, त्यामुळे ताई, जरा सविस्तर लिहितो.

रोज किती ठिकाणं, हा हिशोब काशीत कामाचा नाही. तिथं दिवसाला स्वतःची लय आहे आणि आठवड्यातल्या वारांनाही. ती आधी समजून घेतली की पाहणं आणि बसणं यांचं भांडण निम्मं मिटतं.

दिवसाचं पाहा. गंगा तिथं उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, पूर्वेला तोंड करून. सूर्य समोरच्या रेतीवरून उगवतो, त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास, आणि सरळ पायऱ्यांवर येतो. सकाळचं कोवळं ऊन डिसेंबरात हवंहवंसं वाटतं, पण दहा-अकरानंतर दगड तापतो आणि सावली कुठंच नसते. दुपारी तीननंतर मात्र सूर्य मागच्या वाड्यांच्या आड जातो आणि उंच भिंतींची सावली पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत येते. म्हणजे आईंना बसवायची वेळ एक तर सकाळी सात ते साडेनऊ, नाही तर दुपारी साडेतीनपासून आरतीपर्यंत. लोक नेमकं उलट करतात. सकाळी आणि संध्याकाळी स्थळं पाहतात आणि दुपारी बाराला 'आता मोकळे आहोत' म्हणून घाटावर येतात. मग म्हणतात, घाटावर काय आहे, नुसतं ऊन!

दुपारची वेळ कशालाच धड नाही. बरीच मंदिरं तेव्हा बंद असतात, विश्वनाथालाही सव्वाअकराच्या भोग आरतीत दर्शन थांबतं. जेवायचं आणि झोपायचं. ती झोप आठवड्यातून वगळलीत तर तिसऱ्या दिवशी सगळे चिडचिडे होतात. हे मी माझ्या घरात पाहिलंय.

आता वार. सोमवारी विश्वनाथाला गर्दी तुडुंब. मंगळवारी आणि शनिवारी संकटमोचनला पाय ठेवायला जागा नसते. रविवारी आणि मंगळवारी कालभैरवाला. शुक्रवारी सारनाथचं संग्रहालय बंद, रविवारी भारत कला भवन बंद. हे कागदावर मांडलं की 27 ठिकाणांपैकी ज्यांना खरोखर वार आणि वेळ बांधलेली आहे अशी पाच-सहाच उरतात. तेवढीच पक्की करा. बाकीची, म्हणजे घाट, गल्ल्या, छोटी देवळं, कचोरी-जिलेबीची दुकानं, ही सगळी चालता चालता भेटणारी आहेत. त्यांना वेळ नेमून देण्यात अर्थ नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. आम्हीही शनिवारीच पोचलो होतो. रविवार पूर्ण रिकामा ठेवला. प्रवासाने आई थकली होती. शिवाय कुठं पायऱ्या उंच, कुठं बसायला कठडा, स्वच्छतागृह कुठं जवळ, हे त्या दिवशी कळलं आणि पुढचा आठवडा त्यावर निभावला. सोमवारी विश्वनाथाच्या गल्लीकडे फिरकलोच नाही. उलट दिशेला बी.एच.यू.त गेलो, आतलं विश्वनाथ मंदिर आणि भारत कला भवन. तिथली लघुचित्रं पाहायला आईला खुर्चीवर बसत बसत दोन तास लागले आणि ते पुरेसे होते. मंगळवारी काही नाही, फक्त संध्याकाळची नाव. बुधवारी पहाटे विश्वनाथ. गुरुवारी सारनाथ, सकाळी लवकर, जेवायच्या वेळेला परत. कालभैरव त्याच संध्याकाळी. शुक्रवार पुन्हा रिकामा.

तो शुक्रवार का, ते सांगतो. बुधवारी पहाटे चारला निघालो, तरी त्या दिवशी रांग हलेना. दोन तासांनी आईला गरगरायला लागलं. मी तिला बाहेर काढलं आणि दर्शन न घेता परत आलो. ती रिक्षात रडत होती. शुक्रवार मोकळा होता म्हणून तेव्हा पुन्हा गेलो आणि पाऊण तासात दर्शन झालं. अन्नपूर्णा, ढुंढिराज आणि विशालाक्षी तिथंच जवळ आहेत, तीही झाली. शुक्रवारी रामनगर आणि आणखी तीन ठिकाणं टाकलेली असती तर आम्ही विश्वनाथाविना इंदूरला आलो असतो.

अस्सीवरचा इंदुरी

पोहे-जिलेबी, नावेचं तुमचं म्हणणं गुडघ्यांच्या बाबतीत शंभर टक्के खरं. आईंसाठी नाव हवीच, आणि सकाळची हवी, कारण तेव्हा ऊन घाटांवर पडलेलं असतं आणि सगळे वाडे उजळलेले दिसतात. पण दोन तासांत दिसतो तो घाटांचा दर्शनी भाग. नाववाला 'हा अमुक घाट, हा तमुक घाट' सांगत जातो आणि विसाव्या नावानंतर कान मिटतात. पंचगंगा घाटाचंच पाहा. पाण्यातून वर औरंगजेबाच्या काळातली मशीद दिसते. बिंदुमाधवाचं मूळ देऊळ पाडून ती उभी राहिली. आत्ताचं बिंदुमाधव मंदिर शेजारच्या एका साध्या वाड्यात आहे, ते नावेतून ओळखूही येत नाही. आपल्या माणसांनी ते चुकवू नये. घाटाच्या पायऱ्या अतिशय उभ्या आहेत, म्हणून आईंना चौक भागातून गल्लीने वरूनच न्या.

आणि नाव अस्सीवरून मणिकर्णिकेकडे प्रवाहाबरोबर जाते, येताना उलट. वल्ह्याची नाव असेल तर परतीला जास्त वेळ धरा किंवा दशाश्वमेधला उतरा.

किरण, महू नाका

एक आठवडा हाताशी आहे तर फक्त काशीच का? दोन दिवस काशी, एक दिवस प्रयाग, एक दिवस विंध्याचल, दोन दिवस अयोध्या. आम्ही सहा दिवसांत सगळं केलं, टेम्पो ट्रॅव्हलर घेतली होती. काशीत दोन दिवसांवर काय करणार?

मेघा, सुदामानगर

किरणदादा, प्रयाग-अयोध्येचा विचार आधी केला होता, पण गाडीत रोज चार-पाच तास बसणं आईला झेपणार नाही. म्हणूनच एकच शहर ठरवलं. प्रश्न तिथल्या सात दिवसांचाच आहे.

रामबागवाले काका

अस्सीवाले दादा, वार-वेळेची माहिती उत्तम दिलीत. 2009 मध्ये मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही नेमके शुक्रवारी सारनाथला गेलो होतो, सिंहशीर्ष राहिलंच. म्हणजे 'एकही ठिकाण सोडलं नाही' हे मी वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही, स्तूप तेवढा पाहिला.

पण तुमच्या शुक्रवारबद्दल माझा आक्षेप आहे. तो दिवस मोकळा कुठं होता? तो राखीव होता. विश्वनाथ हुकला म्हणून वापरलात. म्हणजे शेवटी पाहण्यासाठीच गेला. मग मोकळ्या वेळाची बाजू तुम्ही घेताय, ती कशी? तुमचं उदाहरण तर माझीच बाजू सिद्ध करतं की मुख्य दर्शन महत्त्वाचं, बाकी सगळं त्यासाठी.

अस्सीवरचा इंदुरी

काका, हा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. खरंय, शुक्रवार राखीव होता. आणि आता विचार करतो तेव्हा वाटतं, दर्शन झाल्यावर दुपारपासून जे घाटावर बसलो तेवढाच त्या दिवसातला मोकळा वेळ. आईने तेव्हा चपला काढून पाय पाण्यात सोडले आणि तिच्या लहानपणीच्या देवासच्या घराबद्दल बोलली. मी ते पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. दर्शन झालं नसतं तर ती तशी बसली नसती, हे मान्य. मन अडकलेलं असलं की घाटावरही बसता येत नाही.

तेव्हा मेघाताईंना माझा सल्ला बदलतो: आईंची तीन दर्शनं आठवड्याच्या शेवटाकडे ढकलू नका. गुरुवारची वाट पाहण्यापेक्षा बुधवार पहाट धरा, आणि कालभैरव त्याच्याही आधी, सोमवारी. काशीचा कोतवाल म्हणून त्याचं दर्शन आधी घेण्याची रीतही आहे. राखीव दिवस एक आणि मोकळे दिवस वेगळे, असं दोन्ही ठेवा. 27 मधली बरीच नावं त्यासाठी कापावी लागतील.

ग्वाल्हेरची सून

एका गोष्टीवर कुणी बोललं नाही: उतरणार कुठं? मोकळा वेळ मिळतो की नाही हे सगळं त्यावर आहे. आम्ही कॅन्टोन्मेंटकडच्या हॉटेलात उतरलो होतो. खोली सुंदर, लिफ्ट, गरम पाणी, सगळं. पण घाटावर जायचं म्हणजे रिक्षा, वाटेत कोंडी, गोदौलियाला उतरून पुढे गर्दीतून पायी. जायला तास, यायला तास. मग 'आलोच आहोत तर हेही पाहून घेऊ' असं होतं आणि आपोआप यादीच्या मागे लागतो. खोलीवरून दहा मिनिटांसाठी घाटावर डोकावून येणं कधी जमलंच नाही.

मला ग्वाल्हेरची म्हणून शिंदे घाट बघायचा होता, बायजाबाई शिंद्यांनी 1830 साली बांधलेला. शेजारचं ते कललेलं रत्नेश्वर मंदिर फोटोत सगळे पाहतात. तिथं जायला मिळाले फक्त वीस मिनिटं, कारण खाली रिक्षावाला थांबवून ठेवला होता.

ज्योती, लोकमान्यनगर

अगदी! आम्ही केदार घाटाजवळ उतरलो होतो म्हणूनच सासूबाईंना ती दुपार मिळाली. चाळीस पायऱ्या उतरलं की पाणी.

ग्वाल्हेरची सून

पण ज्योतीताई, त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्या वेळी आम्ही हट्टाने घाटालगत उतरलो, दशाश्वमेधच्या उत्तरेला. गल्ली इतकी अरुंद की सामान डोक्यावरून न्यावं लागलं. तिसऱ्या रात्री सासऱ्यांना दम लागला. गाडी येऊ शकेना. दोन तरुणांनी त्यांना खुर्चीवर बसवून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं, तेव्हा दवाखाना गाठला. ते बरे झाले, पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. मेघाच्या आईंचे फक्त गुडघे दुखतात की आणखी काही आहे, त्यावर ठरवावं.

अस्सीवरचा इंदुरी

हे खूप महत्त्वाचं लिहिलंत. म्हणूनच मी आईला घेऊन जाताना अस्सीच्या बाजूला उतरतो. तिथं घाटापासून थोड्याच अंतरावर गाडी येते, जागा सपाट आहे, आणि पहाटे घाटावर आरती-गाणं चालतं ते ऐकायला दूर जावं लागत नाही. तोटा असा की विश्वनाथ तिथून लांब पडतो, रिक्षा आणि पुढे चालणं आलंच. गल्लीतली जुनी काशी दाराबाहेर मिळत नाही. ज्यांना तीच हवी त्यांना अस्सी थोडं बाहेरचं वाटतं.

विजया, तिलकनगर

मी वेगळंच सांगते. आमच्या सासऱ्यांच्या अस्थी घेऊन गेलो होतो आणि पिशाचमोचनला श्राद्ध करायचं होतं. चार दिवस होते. एक सकाळ लागेल असं धरलं होतं, प्रत्यक्षात दीड दिवस गेला. ज्यांनी विधी केला त्यांनी आधी सांगितलेली रक्कम आणि नंतर मागितलेली यात बराच फरक पडला, त्यात मन खट्टू झालं ते वेगळं. त्यानंतर काही पाहावंसंच वाटलं नाही. मेघाताई, तुमच्या घरात बाबांचं काही करायचं असेल तर ते आत्ताच आईंना विचारा. तिथं गेल्यावर अचानक निघतं आणि मग यादीही राहते आणि बसणंही.

मेघा, सुदामानगर

विजयाताई, बरं झालं लिहिलंत. आईला संध्याकाळी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, विधी नको, पण बाबांच्या नावाने गंगेत दिवा सोडायचा आहे. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि हा धागा मी दादाला पाठवलाय. तो उत्तर देणार म्हणतोय.

मेघाचा दादा

नमस्कार. यादी माझी, तेव्हा माझी बाजू मांडतो. मी ती हौस म्हणून केलेली नाही. इंदूरच्या मुलाने शाळेपासून ऐकलेलं असतं की अहिल्यादेवींनी 1780 साली विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं. मला ते नुसतं हात जोडून यायचं नाही, समजून घ्यायचंय. मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंगाची यंत्रं आहेत, ती पाहायचीत. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट, बिंदुमाधव, म्हणजे मराठी माणसांनी या शहरात किती बांधून ठेवलंय ते एका ओळीत चालत जाऊन पाहायचंय. दगड पाहिला की मला आनंद होतो. घाटावर तासभर बसलो की मला अस्वस्थ होतं, हे खरं सांगतो. सगळ्यांना बसण्यातच विश्रांती मिळते असं नाही.

ज्योती, लोकमान्यनगर

दादा, हे मनापासून लिहिलंत म्हणून तुमची यादी आता वेगळी वाटतेय. पण मग चौघांनी सगळीकडे एकत्र जायलाच हवं का? तुम्ही पहाटे मानमंदिर, शिंदे घाट करून या. मेघाताई आणि आई अस्सीवर उन्हात बसतील. नऊला नाश्त्याला भेटा.

अस्सीवरचा इंदुरी

हे जमण्यासारखं आहे, फक्त वेळ नीट धरा. दादा, पहाटे अस्सीवरून घाटाघाटाने उत्तरेला चालत निघा. खालचा पट्टा दशाश्वमेधपर्यंत सलग आहे. पावसाळ्यातला गाळ नोव्हेंबरपर्यंत पंपाने धुऊन काढतात, पण कोपऱ्यात निसरडं राहतं, तेवढं पाहा. न थांबता गेलात तर दशाश्वमेध पाऊण-एक तास. अहिल्याबाई घाट दशाश्वमेधच्या अलीकडे, शिंदे घाट आणि भोसले घाट पलीकडे, मणिकर्णिका ओलांडून. मानमंदिराचं दार मात्र इतक्या लवकर उघडत नाही, ते वेगळ्या दिवशी उशिरा करा. त्यामुळे पहिल्या पहाटे फक्त घाट. एका पहाटेत सगळं बसवायला गेलात तर नऊचा नाश्ता हुकेल आणि घाटावर बसलेले तुमची वाट पाहत राहतील. तो त्यांचा मोकळा वेळ नसतो.

रामबागवाले काका

वेगवेगळं फिरायचं तर एकत्र जायचं कशाला, हा माझा प्रश्न तसाच आहे. आम्ही दोघं प्रत्येक देवळात बरोबर होतो. आज सौ. नाही. मला जे आठवतं त्यात ती प्रत्येक ठिकाणी आहे. म्हणून मला यादी प्रिय आहे.

ज्योती, लोकमान्यनगर

काका, नमस्कार करते. यावर मी काही म्हणणार नाही.

मेघा, सुदामानगर

काल रात्री चौघं बसलो. आईला सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवली. काकांचं शेवटचं वाचताना ती म्हणाली, 'मी घाटावर बसायचं म्हणतेय ते एकटीने बसायचं म्हणत नाहीये. तुम्ही तिघं बरोबर बसा.' दादा गप्प झाला.

सध्या असं ठरलंय. अस्सीजवळ, गाडी दारात येईल अशी जागा. रविवार रिकामा. सोमवारी कालभैरव आणि नंतर भारत कला भवन. मंगळवारी सकाळची नाव, बाकी काही नाही. बुधवारी पहाटे विश्वनाथ, अन्नपूर्णा. फोन आत नेता येत नाहीत असं कळलं, तेव्हा ते खोलीवरच ठेवणार. गुरुवारी सारनाथ. शुक्रवार राखीव, आणि बुधवारचं दर्शन नीट झालं तर तो दिवस आईचा. बाबांचा दिवा मंगळवारी संध्याकाळी, साडेतीनपासून घाटावर बसून, सगळ्यांनी मिळून. दादाला दोन पहाटा त्याच्या स्वतःच्या. यादी 27 वरून 11 वर आली.

दोन गोष्टी अजून अडल्यात. आईला विश्वनाथाची मंगला आरती हवीय, आणि दादा रामनगर सोडायला तयार नाही.

अस्सीवरचा इंदुरी

मंगला आरतीचं तिकीट आधी काढावं लागतं, आणि आरती पहाटे तीनला सुरू होते, म्हणजे आईंना अडीचच्या आधी तिथं पोचायला हवं. अस्सीवरून निघायचं तर दीड वाजता उठणं आलं. माझ्या आईला मी ते केलं नाही. पण ज्यांच्या मनात ते असतं त्यांना थंडी-झोप जाणवत नाही, हेही पाहिलंय. करायचंच असेल तर गुरुवारचं सारनाथ पुढे ढकलू नका, शुक्रवारी संग्रहालय बंद आहे. त्यापेक्षा सारनाथ मंगळवारी घ्या आणि नाव गुरुवारी, म्हणजे बुधवारच्या जागरणानंतर दुसरा दिवस हलका जाईल. मंगळवारी दुपारी जेवायला परत आलात की दिव्यासाठी साडेतीनची वेळ गाठता येते.

रामनगरला सामनेघाटच्या पुलावरून अस्सीकडून लवकर पोचता येतं, विश्वनाथाच्या बाजूने खूप वेळ लागतो. दादा, चुनारी दगडाचा तो किल्ला नदीकडूनच खरा शोभतो. पुलावरून जाऊन संग्रहालयातल्या पालख्या, हत्यारं, जुन्या गाड्या पाहायला दीड तास धरा. शनिवारी सकाळी जाऊन या, संध्याकाळच्या गाडीला वेळ आहे. पण सामान आदल्या रात्री बांधून ठेवा, आणि तुम्ही एकटेच जा.

मेघाचा दादा

एकटा नाही. आई म्हणतेय, पायऱ्या नसतील तर मीही येते.

अस्सीवरचा इंदुरी

किल्ल्याच्या दारापर्यंत गाडी जाते. संग्रहालयात थोडं चालणं आणि काही पायऱ्या आहेत, तिथं आईंना अंगणातल्या सावलीत बसवा. मागच्या बाजूने नदीकडे उतरायला जाऊ नका, तो उतार त्यांना जमणार नाही.